दहावीची भूमिती: घरची शिकवणी, क्लास की स्वतःचा अभ्यास?

दिवाळीच्या सुट्टीत ताईचा फोन आला. भाची दहावीत आहे, मराठी माध्यम, नागपुरात मानेवाड्याला राहतात. सहामाहीत बीजगणितात ४० पैकी २४ आणि भूमितीत ४० पैकी १३. ताई म्हणाली, "अरे, आता घरी सर लावायचे का क्लासला टाकायचं? का तिचं तिलाच करू द्यायचं? शेजारचे सगळे वेगवेगळं सांगून राहिले." मी आठ वर्षं एका क्लासमध्ये गणित शिकवलं आहे, त्याच काळात घरी जाऊन शिकवण्याही घेतल्या, म्हणून तिनं मला विचारलं. त्या दिवसापासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही जे केलं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीला बसतंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी फक्त गणिताबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही जास्त भूमितीबद्दल, कारण तिन्ही पर्यायांतला फरक तिथेच सर्वात उघड दिसतो.

पहिली पायरी: गेलेले मार्क मोजा, मिळालेले नाही

शिकवणी शोधायला निघण्याआधी एक संध्याकाळ द्या. बोर्डाच्या गणिताच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. प्रत्येकी ४० गुण, प्रत्येकी दोन तास. अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून १०० होतात. जुन्या वर्षाची एक भूमितीची प्रश्नपत्रिका घ्या आणि घड्याळ लावून दोन तास मुलाला बसवा. मध्ये उठायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही.

मग तपासताना प्रत्येक गेलेला मार्क तीनपैकी एका खणात टाका. पहिला खण: आलंच नाही. दुसरा: येत होतं, पण मांडणीत किंवा कारणात चुकलं. तिसरा: वेळ पुरला नाही. भाचीच्या भूमितीत २७ गुण गेले होते. त्यातले ९ पहिल्या खणात, १३ दुसऱ्या खणात आणि ५ तिसऱ्या खणात पडले. ताईला वाटत होतं की पोरीला भूमिती येतच नाही. प्रत्यक्षात तिचे निम्मे मार्क येत असलेल्या गोष्टींतच जात होते.

हे तीन आकडे हातात आल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. पहिला खण मोठा असेल तर मुलाला शिकवणारा माणूस हवा. दुसरा मोठा असेल तर तपासणारा हवा. तिसरा मोठा असेल तर दोघांचीही तेवढी गरज नाही, घड्याळ लावून सराव हवा. आपण सरसकट सगळ्यांना "शिकवणी" म्हणतो, आणि मग तपासणाऱ्याची गरज असताना शिकवणाऱ्याला पैसे देतो.

तपासायला घरात कुणी नसेल तर ओळखीतल्या अकरावी-बारावी सायन्सच्या मुलाला किंवा मुलीला बसवा. एका प्रश्नपत्रिकेला त्यांना तासाभराहून जास्त लागत नाही.

दुसरी पायरी: कोणती चूक मुलाला स्वतःला दिसते, ते ओळखा

सगळ्या निर्णयाची किल्ली इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बीजगणितातलं बहुतेक उत्तर स्वतःच स्वतःला तपासतं. समजा 3x + 2y = 16 आणि x − y = 2 ही समीकरणं सोडवून x = 4, y = 2 आलं. दोन्ही किमती परत समीकरणात ठेवल्या की 12 + 4 = 16 आणि 4 − 2 = 2. उत्तर बरोबर. ते सांगायला सर नको, क्लास नको. वर्गसमीकरणाची मुळं तशीच ठेवून पाहता येतात. अंकगणिती श्रेढीचं दहावं पद सूत्रानं काढलं, तर एकेक पद लिहून मोजता येतं. मुलानं ही सवय लावून घेतली तर बीजगणितात स्वतःचा अभ्यास खूप लांब नेतो.

भूमितीत काही प्रकरणं तशीच आहेत. निर्देशक भूमितीत बिंदू आलेख कागदावर काढून अंतर डोळ्यांनी ताडता येतं. भौमितिक रचनेत वर्तुळाला स्पर्शिका काढली, तर स्पर्शबिंदूपाशी त्रिज्येशी होणारा कोन कोनमापकानं मोजायचा. तो ९० अंश नसेल तर रचना चुकली. समरूप त्रिकोण काढला तर पट्टीनं बाजू मोजून गुणोत्तर जमतं का ते पाहायचं.

पण समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ आणि त्रिकोणमितीतली "सिद्ध करा" ही गणितं वेगळी आहेत. तिथे मुलाला चूक दिसत नाही, कारण जी पायरी चुकली ती त्याला खरी वाटत असते. भाचीचंच एक उदाहरण देतो.

प्रश्न असा होता: समलंब चौकोन ABCD मध्ये बाजू AB आणि बाजू DC समांतर आहेत, कर्ण O मध्ये छेदतात. AB = 18, DC = 8, OB = 9, तर OD काढा. तिनं लिहिलं, कोको कसोटीनुसार △AOB ~ △DOC. पुढे 18/8 = 9/OD, म्हणून OD = 4. गाइडमध्ये मागे उत्तर पाहिलं, ४ आहे. तिनं बरोबरची खूण केली आणि पुढे गेली.

आता नीट बघा. △AOB ~ △DOC असं लिहिलं की A ची संगती D शी लागते आणि B ची C शी. मग OB ची संगत बाजू OC होते, OD नाही. तिच्या स्वतःच्या विधानावरून तिला OD मिळूच शकत नव्हतं. खरी संगती A ची C शी आणि B ची D शी, म्हणजे △AOB ~ △COD. तिनं आकृतीकडे बघून अंदाजानं योग्य बाजू घेतली, उत्तर जुळलं आणि चूक लपली. शिवाय कोन कोणते समान आणि का, म्हणजे व्युत्क्रम कोन आणि विरुद्ध कोन, हे कंसात लिहायचं राहिलं. बोर्डाचे गुण पायरीला मिळतात, नुसत्या उत्तराला नाही. तीन गुणांच्या गणितात ती अशी दर वेळी एक-दीड गुण घालवत होती आणि घरी स्वतःला पूर्ण मार्क देत होती.

म्हणून माझं म्हणणं असं: माणसाच्या नजरेला पैसे द्यायचे असतील तर ते ज्या प्रकरणांत चूक स्वतःला दिसत नाही त्या प्रकरणांसाठी द्या. बाकीचं घरी होतं.

तिसरी पायरी: खर्च महिन्याचा नका बघू, तपासलेल्या उत्तराचा बघा

ताईनं आठवडाभर चौकशी केली. तिला मिळालेले आकडे देतो. तुमच्या भागात ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच ठेवा.

घरी येणाऱ्या सरांनी तासाचे ४०० रुपये सांगितले. आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास. महिन्याचे ४,८०० आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार महिन्यांचे १९,२००. नंदनवनकडच्या एका क्लासनं दिवाळीनंतर प्रवेश घेतल्यास गणित आणि विज्ञान मिळून १२,००० सांगितले. रोज दीड तास, बॅचमध्ये ४५ मुलं, दर रविवारी टेस्ट. स्वतःच्या अभ्यासाला गाइड, प्रश्नपत्रिकांचा संच, वह्या आणि चांगला कंपास धरून हजाराच्या आत भागत होतं. पाठ्यपुस्तक तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं.

वरवर पाहिलं तर घरचे सर सगळ्यात महाग आणि क्लास मधला. पण भाचीला तपासणारा हवा होता, म्हणून आम्ही विचारलं: चार महिन्यांत तिची किती उत्तरं कुणीतरी ओळ न् ओळ वाचून तपासेल?

घरचे सर तासातला बराच वेळ शिकवतात. त्यात नीट तपासून होतात साधारण चार उत्तरं. ४८ तासांत १९२ उत्तरं, म्हणजे एका उत्तराला १०० रुपये. क्लासमध्ये रविवारच्या १६ टेस्टपैकी आठ गणिताच्या, प्रत्येकीत आठेक उत्तरं, म्हणजे ६४. फीचा अर्धा भाग गणिताचा धरला तर ६,००० भागिले ६४, साधारण ९४ रुपये. म्हणजे या मापानं दोन्ही जवळपास सारखेच महाग. त्यातही क्लासमधल्या ६४ पैकी अर्धी बीजगणिताची, ज्यांची तिला गरज नव्हती. ४५ मुलांच्या वह्या एका रात्रीत तपासणाऱ्याकडून फार अपेक्षा करणंही अन्यायाचं. मी स्वतः ते केलं आहे. तिसाव्या वहीनंतर डोळे उत्तर शोधतात, पायरी वाचत नाहीत.

मग मी ताईला तिसरी रीत सुचवली. त्याच सरांना आठवड्यातून एकच तास बोलवायचं. भाचीनं आठवडाभरात घरी सोडवलेली भूमितीची १२ उत्तरं समोर ठेवायची. सरांनी नवीन काही शिकवायचं नाही, फक्त तपासायचं. एका उत्तराला पाच मिनिटं पुरतात. १६ आठवड्यांचे ६,४०० रुपये, १९२ उत्तरं, म्हणजे एका उत्तराला ३३ रुपये. तपासलेली उत्तरं तेवढीच, खर्च एक तृतीयांश.

सर आधी जरा नाराज झाले. "फक्त चेकिंगसाठी कोणी येत नाही हो ताई," असं म्हणाले. तिनं रविवार सकाळची वेळ पक्की दिली आणि महिन्याचे पैसे आधी देऊ म्हणाली, तेव्हा ते तयार झाले. नाही म्हणाले असते तर गणितात एम.एस्सी. करणारी एखादी मुलगी किंवा निवृत्त शिक्षक शोधले असते. शाळेतल्याच शिक्षकांना शिकवणीसाठी गळ घालू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे.

क्लास निवडणार असाल तर पैशाबद्दल एकच सांगतो: पूर्ण फी एकदम भरू नका. हप्ते मागा, पावती घ्या आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळेल ते पावतीवर लिहून मागा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत उरलेल्या काळाची फी प्रमाणात १० दिवसांत परत करावी असं आहे. पण अंमलबजावणी राज्यांकडे आहे, म्हणून तोंडी आश्वासनावर राहू नये.

चौथी पायरी: एक आठवडा वही बघून पारखा

डेमो लेक्चर ऐकून काही कळत नाही. सगळेच पहिल्या दिवशी छान शिकवतात. एक आठवडा गेल्यावर मुलाची वही उघडा.

घरच्या सरांच्या बाबतीत वहीत एकही फुली नसेल तर काळजी करा. सर शेजारी बसून पहिली पायरी सांगतात, मूल पुढची लिहितं, सगळं बरोबर येतं. भूमितीत खरी अडचण तर पहिल्या पायरीचीच असते: कोणते दोन त्रिकोण घ्यायचे, कुठे रेघ जोडायची. ते सरांनी सांगितलं की मुलानं फक्त आकडेमोड केली. परीक्षेत शेजारी सर नसतात. म्हणून आम्ही अट घातली होती की उत्तरं आधीच लिहिलेली असतील आणि सर पेन हातात घेणार ते लाल शाईचंच.

क्लासच्या बाबतीत उलटं होतं. वही सुंदर असते, सगळी गणितं पूर्ण, पण ती फळ्यावरून उतरवलेली. पारखायची रीत सोपी आहे. काल झालेल्या गणितांतलं एक निवडा, वही बंद करा आणि कोऱ्या कागदावर सोडवायला सांगा. आठवड्यात अशी पाच गणितं घ्या. पाचपैकी दोनच जमत असतील, तर क्लासमधला दीड तास ऐकण्यात जातो आहे. त्यात क्लासचा दोष असेलच असं नाही. मूल घरी आल्यावर ते गणित पुन्हा हातानं सोडवत नाही, एवढाच अर्थ निघतो.

स्वतःच्या अभ्यासात गाइड उघडं ठेवून सोडवणं ही मोठी फसगत. उत्तर वाचताना सगळं समजतं आणि समजलं म्हणजे आलं असं वाटतं. आम्ही गाइड ताईच्या कपाटात ठेवलं. सगळी १२ उत्तरं लिहून झाली की शनिवारी रात्री ते मिळायचं.

सरांचा लाल शेराही नुसता "चूक" असा नको. "संगती चुकली", "कारण लिही", "काटकोन आहे हे आधी दाखव" असा हवा. भाचीनं एक चुकांची वही केली. डावीकडे चुकलेली पायरी, उजवीकडे सुधारलेली, खाली तारीख. चार दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर परत. दुसऱ्यांदाही तिथेच अडली तर ती चूक पुढच्या रविवारी सरांपुढे सगळ्यात आधी. तीन आठवड्यांत त्या वहीत दिसलं की तिच्या चुका फार नव्हत्या. त्याच चार चुका पुन्हा पुन्हा येत होत्या: संगतीचा क्रम, कारण न लिहिणं, काटकोन न दाखवता पायथागोरस वापरणं आणि त्रिकोणमितीत जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत खरं धरणं.

पाचवी पायरी: शिस्त कुठून येणार ते आधी ठरवा

क्लासची सगळ्यात मोठी ताकद शिकवणं नाही, वेळ आहे. रोज सहाला निघायचं म्हणजे निघायचं. घरी अभ्यास करणाऱ्या मुलाला हे कुणी देत नाही. आपल्याकडे वर्षाचं गणितही जरा वेगळं पडतं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मग पोळा, तान्हा पोळा आणि मारबत, गणपती, नवरात्र, की लगेच दिवाळी. बोर्डाची परीक्षा मात्र सगळ्यांची एकाच दिवशी, आणि २०२५ पासून ती फेब्रुवारीतच सुरू होते आहे. जूनमध्ये "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्याच्या हातात दिवाळीनंतर जेमतेम १६ आठवडे उरतात.

भाचीला क्लासला घालायचं नाही असं ठरल्यावर वेळेची सोय वेगळी करावी लागली. पहिले दहा दिवस आम्ही घरीच बसवलं आणि ते जमलं नाही. संध्याकाळी टीव्ही, लहान भाऊ, पाहुणे. ठरलेल्या १२ उत्तरांपैकी पहिल्या रविवारी पाचच तयार होती आणि सरांचा तास निम्मा वाया गेला. तिला ओरडून उपयोग नव्हता, जागाच चुकली होती. मग तिच्या वर्गातली एक मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहते, तिच्या घरी संध्याकाळी सहा ते साडेसात दोघींनी बसायचं ठरलं. बोलायचं नाही, एकमेकींना सांगायचं नाही, आपापलं सोडवायचं. शेवटची पंधरा मिनिटं वह्या बदलून बघायच्या. जवळपास चांगली अभ्यासिका असेल तर तिथली महिन्याची फी भरूनही हेच साधतं. मुलगी असेल तर परत येण्याची वेळ आणि रस्ता आधी बघा. अंतर जितकं कमी तितके खाडे कमी. नंदनवनच्या क्लासला जाण्यायेण्यात तिचा रोज पाऊण तास गेला असता, तो इथे वाचला.

शिस्त तासांत मोजू नका. "तीन तास बसली होती" याला अर्थ नाही. मोजायचं ते आठवड्याला स्वतःच्या हातानं, पुस्तक बंद ठेवून सोडवलेली उत्तरं. आमचा आकडा भूमितीचा १२ आणि बीजगणिताचा १० होता. ताईनं फ्रिजवर कागद लावला आणि रोज फक्त संख्या लिहिली. सलग दोन आठवडे आकडा निम्म्याखाली गेला तर क्लास लावायचा, हेही त्याच कागदावर लिहून ठेवलं होतं. वेळ आली की भांडण व्हायला नको म्हणून.

डिसेंबरात ती वेळ जवळजवळ आलीच. सर दोन रविवार आले नाहीत, त्यांच्या घरी लग्न होतं. पहिल्या रविवारी पोरीनं १२ उत्तरं तयार ठेवली. दुसऱ्या आठवड्यात चारच. कुणी बघणार नाही म्हटल्यावर हात ढिला पडतो, मोठ्यांचाही पडतो. घरच्या शिकवणीचा हा खरा कमकुवत भाग आहे: एक माणूस आजारी पडला की सगळं थांबतं. क्लासमध्ये एक सर नसले तर दुसरे येतात. तेव्हापासून आम्ही ठरवलं की सर येणार नसतील तर वहीच्या पानांचे फोटो त्यांना पाठवायचे आणि त्यांनी फोनवरच शेरे सांगायचे. मीही दोनदा तपासले. ती फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही तर सरांपेक्षा जास्त लाल करून राहिले!"

सहावी पायरी: कुणी कोणता पर्याय घ्यावा

आमचा मार्ग सगळ्यांना चालणार नाही. भाचीचा दुसरा खण मोठा होता, म्हणून तो चालला. तुमच्या मुलाचे निम्म्याहून जास्त मार्क पहिल्या खणात, म्हणजे "आलंच नाही" मध्ये गेले असतील आणि दिवाळी उलटून गेली असेल, तर घरी येऊन तीन दिवस शिकवणारा माणूसच लावा, महाग पडला तरी. अशा मुलाचा पाया बहुधा नववीत सुटलेला असतो: समांतर रेषांचे कोन, त्रिकोणांची एकरूपता. ४५ मुलांच्या वर्गात कुणी त्याच्यासाठी नववीत मागे जाणार नाही. सरांना पहिल्या दिवशीच सांगा की पहिले दोन आठवडे नववीची ही दोन प्रकरणं घ्या.

हेच मूल जुलैत सापडलं, तर निर्णय बदलतो. तेव्हा हाताशी आठ महिने असतात आणि क्लासचा संथ, रोजचा वेग उपयोगी पडतो. घरात अभ्यासाला जागाच नसेल, आईवडील दोघंही रात्री उशिरा येत असतील, मूल एकटं असताना वही उघडत नसेल, तरीही क्लासच बरा. तिथे तुम्ही ठरलेल्या वेळेला पैसे देता आहात हे मनाशी पक्कं ठेवा आणि तपासणीची सोय निराळी करा, आठवड्याला चार उत्तरं का होईना.

नुसता स्वतःचा अभ्यास, कुणाच्याही नजरेशिवाय, मी त्यालाच सुचवेन ज्याला दोन्ही प्रश्नपत्रिकांत तिशीच्या वर मिळत आहेत आणि ज्याचे मार्क मुख्यतः वेळेत जातात. त्यानं दर रविवारी दोन तासांची एक प्रश्नपत्रिका सोडवावी. तिथे वेळेचं एक लक्षात ठेवा. सुरुवातीच्या एका गुणाच्या प्रश्नांचे आठ गुण आहेत, त्यांना वीस मिनिटांच्या वर देऊ नये. चार गुणांच्या प्रश्नांत तीनपैकी दोनच सोडवायचे असतात. तिन्ही करून बघण्यात मुलं शेवटचा तीन गुणांचा प्रश्न घालवतात.

शेवटचे सहा आठवडे

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. भाचीला भूमितीत २६ आणि बीजगणितात ३१ मिळाले. आम्ही पुन्हा तेच तीन खण मांडले. भूमितीत १४ गेले: मांडणीत ३, न येण्यात ५ आणि वेळेत ६. म्हणजे आता आजार बदलला होता, म्हणून औषधही बदललं. सरांना सांगितलं की आता १२ सुटी उत्तरं नकोत, एक पूर्ण प्रश्नपत्रिका तपासा. ती शनिवारी घड्याळ लावून दोन तास सोडवायची, रविवारी सर तपासायचे. न येणाऱ्या पाच गुणांपैकी बहुतेक वर्तुळाच्या प्रकरणातले होते, त्यासाठी दोन जादा तास घेतले, ८०० रुपये.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सरांना थांबवलं. त्यांनाही ते पटलं. नवीन शेरे येणं बंद झालं होतं आणि पोरगी चुकांच्या वहीतूनच उजळणी करत होती. संध्याकाळी सहा ते साडेसात मैत्रिणीच्या घरची बैठक मात्र गणिताच्या दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत चालू ठेवली.